आजीला सांगू नकोस म्हणतात, आणि ती मलाच विचारते

अर्धविराम

बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी डॉक्टर आहे, म्हणजे नुकतीच झालेय. इंटर्नशिप संपून 8 महिने झाले. आजी 78 वर्षांची. अडीच महिन्यांपूर्वी तिला खाज सुटली, रात्र रात्र अंग खाजवत बसायची. मग लघवी गडद झाली, संडास मातीसारखी पांढुरकी, डोळे पिवळे. पोट फारसं दुखत नव्हतं म्हणून घरचे निवांत होते. मला फोनवर "कावीळ आहे पण दुखत नाही" एवढं ऐकूनच धस्स झालं. सीटीत स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ निघाली आणि यकृतात चार-पाच लहान गाठी. यकृतातल्या गाठीचा तुकडा तपासला, कॅन्सरच. ऑपरेशनचा प्रश्नच उरला नाही. एंडोस्कोपीने पित्तनळीत धातूचा स्टेंट टाकला. आठवड्यात खाज गेली, तीन आठवड्यांत डोळे पांढरे झाले.

तिथेच घोळ झाला. तिला सांगितलंय की नळीत खडा अडकला होता, तो काढला. कावीळ उतरली आणि खड्याची गोष्ट इतकी खरी वाटायला लागली की कधीकधी मलाच वाटतं, खडाच असेल. फाइल आत्याच्या कपाटात, जुन्या स्वेटरांखाली आहे. आजी झोपल्यावर बाबा, काका आणि आत्या बसले आणि ठरलं, काहीही सांगायचं नाही. आत्याने माझा हात धरला आणि म्हणाली, "परीक्षेच्या वेळी रात्र रात्र तुझ्याबरोबर जागली ती. आता तूच तिला मारू नकोस."

आता परवाची गोष्ट. आजीचं वजन 9 किलोने उतरलंय, गाल बसलेत, त्यामुळे कवळी सैल झालीय. बोलताना खालची कवळी उचलली जाते. आत्या म्हणाली नवीन करून घेऊ, दातांच्या डॉक्टरांकडे एक चक्करही झाली. दुसऱ्या दिवशी खोलीत मी एकटी असताना आजी म्हणाली, "कवळीला पाच वेळा जावं लागतं म्हणे. महिना तरी जाईल. करू का गं?" मी म्हटलं, "कर की." ती माझ्याकडे बघत राहिली. मग विचारलं, "मला ती किती दिवस लागेल?" मी म्हटलं, "लागेल की भरपूर." तिने काही न बोलता कवळी काढली, वाटीतल्या पाण्यात ठेवली आणि वाटी माझ्या हातात दिली. "जुनीच बरी," म्हणाली.

दुसरं म्हणजे केमो. कॅन्सरचे डॉक्टर म्हणाले, वय आणि अशक्तपणा बघता जमलं तर एकाच औषधाची सौम्य केमो देता येईल, नाही दिली तरी चूक नाही. काकांना द्यायचीच आहे, पण आजीला "ताकदीची सलाईन" सांगून. सही काका करणार. मी शेजारी बसायचं, म्हणजे तिला शंका येणार नाही.

मी काय करू?

सडेतोड

यात विचारायचं काय आहे? शरीर तिचं, आजार तिचा, रिपोर्ट तिचा. तुम्ही डॉक्टर आहात, शपथ घेतली आहे. आजच्या आज फाइल तिच्या हातात द्या आणि सगळं नीट सांगा. जगभरात पहिल्यापासून हाच नियम आहे, लपवाछपवी फक्त आपल्याकडे चालते. काका सही करणार म्हणजे काय? आजी शुद्धीवर आहे, तिला कळतंय, तर सही तिचीच. ही सरळ फसवणूक आहे.

थोरला

सडेतोड, घरात असा प्रसंग आला नसेल तर बोलणं सोपं असतं.

माझ्या आईला डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. खोलीत आम्ही चौघं, दारात पुढचा पेशंट उभा. "पसरलाय. तीन महिने धरून चाला." आई घरी आली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. जेवण नाही, बोलणं नाही. 19 दिवसांत गेली. तीन महिने तर दिलेच नाहीत, पण त्या 19 दिवसांतही ती आमच्यात नव्हती.

अर्धविराम, तुमचे काका खलनायक नाहीत. आईला सांभाळायची त्यांची ही रीत आहे. आजी आनंदात आहे तर राहू द्या. "खडा होता" याने कोणाचं काय बिघडलं?

धूमकेतू

मला वाटतं सगळे घाई करताय. रक्ताच्या तपासणीत सीए 19-9 वाढलेलं आलं म्हणून कॅन्सर ठरवलं असेल तर थांबा. पित्ताची नळी तुंबली की हे साध्या खड्यानेही वाढतं. आमच्या शेजारच्या बाईंचं असंच झालं होतं, कावीळ उतरल्यावर आकडा खाली आला, निघाला खडाच. दुसरीकडे दाखवा, सगळे रिपोर्ट पुन्हा करा. तेलकट बंद करून बघा.

अर्धविराम

धूमकेतू, काविळीत तो आकडा वाढतो हे बरोबर आहे, पण आम्ही आकड्यावर काहीच ठरवलेलं नाही. तुकड्यात कॅन्सरच्या पेशी दिसल्यात आणि तो तुकडा स्वादुपिंडातला नाही, यकृतातला आहे. स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टनेही बघितल्या. निदानाबद्दल शंका असती तर मीच सुटले असते.

थोरला, तुमच्या आईबद्दल वाचून हात थांबला. मला नेमकी तीच भीती वाटते.

रात्रपाळी

मी गेली 22 वर्षं असाध्य आजाराच्या रुग्णांबरोबर काम करते, आधी नर्स म्हणून, आता घरी जाऊन बघणाऱ्या पथकात. तुला तूच म्हणते, चालेल ना?

तू लिहिलंस की आजीला काही माहीत नाही. मग तिने "मला ती किती दिवस लागेल" असं का विचारलं? कवळी किती दिवस टिकेल, असं नाही विचारलं तिने. बाई नीट मोजून मापून बोललीय. आधी महिना लागतो हे सांगितलं, तू सहज "कर" म्हटलंस, मग सरळ विचारलं. तू तिला भरपूर दिवस दिलेस, तेव्हा तिने विषय मिटवला आणि वाटी तुझ्या हातात दिली. ती तुला सांभाळतेय. हे मी शेकड्याने बघितलंय. रुग्ण विचारतो, समोरचा खोटं बोलतो, मग रुग्ण विचारायचं थांबतो आणि घरच्यांना वाटतं, बघा, किती शांत आहे.

सडेतोड, सही तिचीच हवी हे शंभर टक्के बरोबर. पण जगात पहिल्यापासून हाच नियम, हे साफ चूक. 1961 मध्ये अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या डॉक्टरांना विचारलं होतं तेव्हा दहातले नऊ म्हणाले, कॅन्सर असला तर शक्यतो सांगत नाही. 1979 मध्ये तसंच विचारलं तेव्हा जवळपास सगळे म्हणाले, सांगतो. अठरा वर्षांत पारडं फिरलं. तेव्हा "आपल्याकडेच" वगैरे सोडा. आणि फाइल हातात देणं म्हणजे सांगणं नव्हे. थोरला यांच्या आईच्या बाबतीत तेच झालं. उघड्या दारात, न विचारता, एक आकडा फेकला. त्यांना काय कळलंय, किती जाणून घ्यायचंय, कोणाकडून ऐकायचंय, हे कोणीच विचारलं नाही. त्या आजाराने इतक्या लवकर गेल्या की सांगण्याने, हे मला ठरवता येणार नाही. बऱ्याचदा आजार इतका पुढे गेलेला असतो की दोन्ही एकाच वेळी घडतं आणि घरच्यांच्या मनात त्याची कायमची गाठ बसते.

आता "खड्याने काय बिघडलं" याबद्दल. दोन गोष्टी बिघडतात.

धातूचा स्टेंट कधीतरी तुंबतो. तुंबला की थंडी वाजून ताप येतो, डोळे पुन्हा पिवळे होतात. तेव्हा त्याच दिवशी रुग्णालय गाठावं लागतं, नाहीतर जंतुसंसर्ग रक्तात उतरतो. ज्या बाईला वाटतंय की खडा निघाला, विषय संपला, ती थंडी वाजली तर पांघरूण ओढून सकाळपर्यंत पडून राहील.

दुसरी "ताकदीची सलाईन". ही जेमसिटाबिनची गोष्ट असणार. आठवड्यातून एकदा अर्धा तास, तीन आठवडे देऊन चौथा मोकळा. यात पांढऱ्या पेशी कमी होतात. मग ताप आला तर तासाभरात फोन करायचा असतो. ज्या रुग्णाला केमो चाललीय हे माहीत आहे तो फोन करतो. ज्याला ताकद मिळतेय असं सांगितलंय तो म्हणतो, ताकदीने जरा अंग गरम झालं असेल. मी असा एक रुग्ण गमावलाय, म्हणून हे जरा तावातावाने लिहितेय. शिवाय केमोच्या खोलीत शेजारच्या खुर्चीवरची बाई पहिल्याच दिवशी विचारते, "तुमचा कुठला?" सगळ्यांचं नाटक तिथे दोन मिनिटांत उघडं पडतं.

म्हणजे केमो वाईट, असं नाही. 1997 मध्ये ज्या चाचणीवरून हे औषध या आजारात रूढ झालं, त्यात आयुष्य जेमतेम काही आठवड्यांनी वाढलं होतं, पण साधारण चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांचं दुखणं, वजन, हिंडणं-फिरणं यात फरक पडला होता. काहींना तेवढ्यासाठी ती हवी असते, काहींना दर आठवड्याची ती खुर्ची नको असते. हे काका कसं ठरवणार?

काकांना काय म्हणायचं ते रात्री लिहिते. आता ड्युटी आहे.

दंतकथा

मी दातांचा डॉक्टर. मुख्य प्रश्नावर बोलायचा अधिकार नाही, पण कवळीवर आहे. वजन उतरल्यावर कवळी सैल होते तेव्हा नवीन करायची गरज नसते. जुन्याच कवळीला आतून मऊ अस्तर भरतात. एका बैठकीत, अर्ध्या-पाऊण तासात होतं. ते कायमचं नसतं, काही महिन्यांनी कडक होतं, मग बदलावं लागतं. पण सैल कवळीने हिरडीला फोड आला तर उरलंसुरलं खाणंही बंद होईल. आत्यांना सांगा, पाच चकरांचं काम रद्द करून एवढं करून घ्या. आणि रात्री कवळी काढूनच झोपू द्या.

खडीसाखर

माझे वडील यकृताच्या कॅन्सरने गेले. आम्ही त्यांना सांगितलं नाही. "लिव्हरला सूज आहे, व्यायाम केला, नीट खाल्लं की उतरेल" असं सांगितलं होतं. वाटलं, तेवढीच उमेद राहील.

ते गेल्यावर उशीखाली एक लहान वही सापडली. रोज खोलीत किती येरझाऱ्या घातल्या ते लिहिलेलं. 40, 40, 35, 38. पुढे 20, 12. एका दिवशी 6 आणि त्यापुढे लिहिलेलं, "आळस केला." दुसऱ्या दिवशी 4, "आज पुन्हा आळस."

मला एवढंच सांगायचं होतं.

थोरला

खडीसाखर…

रात्रपाळी

खडीसाखर, ती वही इथे सांगितलीत, बरं झालं.

अर्धविराम, काकांशी बोलताना "तुम्ही चूक आहात" इथून सुरुवात करू नकोस. तुला त्यांच्याकडून कळून घ्यायचंय की सांगितलं तर नेमकं काय होईल याची त्यांना भीती आहे. ते "ती खचेल" म्हणतील. तिथे थांबू नकोस, "आणखी काय?" विचार आणि गप्प बस. खाली बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी असतं. मग विचार, हे लपवताना तुम्हाला काय त्रास होतोय? फोन घेऊन गच्चीवर जाणं, फाइल लपवणं, तिच्याजवळ बसायचं टाळणं. त्याबद्दल कोणी विचारत नाही, आणि विचारलं की माणसं रडतात.

त्यानंतर त्यांच्याकडे एकच गोष्ट माग. आजीला काही सांगायची परवानगी नको, तिला काय वाटतंय ते विचारायची दे. आणि एक कबुली दे, की मी आपण होऊन काही उकरून काढणार नाही, पण तिने सरळ विचारलं तर खोटं बोलणार नाही. यावर सहसा लोक तयार होतात, कारण त्यांची भीती अशी असते की तू जाऊन धाडकन सांगून टाकशील.

आणखी एक, जरा कडू. तू तिची डॉक्टर नाहीस. तू नात आहेस. तिच्याशी बोलायचं काम उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं किंवा तिथल्या पॅलिएटिव्ह, म्हणजे त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या पथकाचं. तू शेजारी बस. दोन्ही खुर्च्यांवर तूच बसलीस तर ती रडताना तिला धरायला कोणी नसेल.

थोरला

एक विचारू? समजा बोलणं झालं आणि तिने "किती दिवस" विचारलं, तर काय सांगायचं? आम्हाला तीन महिने सांगितले होते. आम्ही तीन महिन्यांची रजा मागायला ऑफिसात गेलो होतो तेव्हाच फोन आला.

रात्रपाळी

आकडा सांगू नये, कारण आम्हाला तो येत नाही. 2000 साली यावर एक मोठा अभ्यास छापून आला होता. मरणपंथाला लागलेल्या रुग्णांबद्दल डॉक्टरांनी दिलेली मुदत सरासरीने पाच पट जास्त निघाली. गंमत अशी की डॉक्टरची रुग्णाशी जितकी जुनी ओळख, तितका अंदाज जास्त चुकीचा. म्हणजे नातीने तर सांगूच नये.

आम्ही घसरण किती वेगाने होतेय ते बघतो. महिन्यामहिन्याने फरक जाणवत असेल तर महिने, आठवड्याला जाणवत असेल तर आठवडे, रोज जाणवत असेल तर दिवस. आणि आधी विचारतो, "हे का विचारताय? काही करायचं मनात आहे का?" बहुतेकांच्या मनात काहीतरी ठरलेलं असतं. ते कळलं की आकडा मागे पडतो. "जे करायचं ते पुढे ढकलू नका" एवढं पुरतं.

तुमच्या रजेचं वाचून वाईट वाटलं.

सडेतोड

पण हे सगळं फारच गोलगोल नाही का? विचारलं तरच सांगायचं, म्हणजे एखादीने विचारलंच नाही तर? भिडेखातर गप्प बसली तर? तिचा हक्क हवेतच राहिला.

रात्रपाळी

म्हणूनच ती विचारेल याची वाट बघत बसायचं नाही, आपण तिला विचारायचं, "तुम्हाला आजाराबद्दल सगळं कळायला हवं की घरच्यांशी बोललेलं चालेल?" हक्क यात येतोच. तिला नको म्हणायचाही हक्क आहे, तो तुम्ही मोजत नाही आहात. पण जी भिडेखातर नको म्हणते तिचं काय, याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही. मी पुन्हा पुन्हा जाते आणि पुन्हा विचारते.

अर्धविराम

तीन दिवसांनी येतेय.

काकांशी बोलले. "आणखी काय?" विचारून गप्प बसले, फार वेळ. मग ते बोलले. आजीची पाठ वर्षभरापूर्वीपासून दुखत होती, वाकून बसलं की बरं वाटायचं. काकांनी तिला ॲसिडिटीच्या गोळ्या आणून दिल्या होत्या, चार महिने. त्यांना वाटतं की कॅन्सर म्हटलं की आजी विचारेल, "तेव्हाच का नाही नेलंस?" घरात आजवर हे कोणालाच माहीत नव्हतं. मी त्यांना सांगितलं की हा आजार बहुतेकांत असाच उशिरा कळतो, पाठदुखीवर पहिल्या दिवशी कोणी सीटी करत नाही. त्यांनी ऐकलं. पटलं का, माहीत नाही. चार महिने आधी कळलं असतं तर काहीच फरक पडला नसता, असं मी म्हटलं नाही, कारण ते मलाही माहीत नाही.

"आपण होऊन सांगणार नाही, विचारलं तर खोटं बोलणार नाही," यावर काका तयार झाले. बाबा नुसते मान हलवतात. आत्याने माझ्याशी बोलणं सोडलंय.

अर्धविराम

आज भेट झाली. पॅलिएटिव्हच्या डॉक्टर मॅडम घरी आल्या होत्या. आठवतं तसं लिहिते.

मॅडम पलंगाच्या कडेला टेकल्या, मी आजीच्या उशाशी, काका दारात. आधी दहा मिनिटं फक्त दुखणं. कुठे दुखतं, रात्री किती वाजता जाग येते, कुठल्या कुशीवर बरं वाटतं. मग मॅडमनी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, हे काय झालंय?"

आजी म्हणाली, "खडा होता म्हणतात."

मॅडम काहीच बोलल्या नाहीत. मला एवढी शांतता सहन होईना, मी बोलणार होते, त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

मग आजी म्हणाली, "खडा काढल्यावर माणूस जाड होतो. मी बारीक होतेय."

"मग तुमच्या मनात काय येतं?"

"मनात येतं ते येतं."

"त्याबद्दल मी तुम्हाला सगळं सांगू, का थोडं सांगू, का घरच्यांशीच बोलू?"

आजीने काकांकडे बघितलं. मग म्हणाली, "नाव नको. नाव घेतलं की येणारेजाणारे तेच बोलत बसतील. मला एवढंच सांगा, हे बरं होणारं आहे का?"

मॅडम म्हणाल्या, "नाही हो आजी. बरं होणारं असतं तर मलाही आवडलं असतं. पण त्रास कमी करता येईल."

आजी रडली नाही. काका दारातून आत आले आणि तिच्या पायाशी बसले. तिने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "पाठ दुखायची तेव्हा तूच गोळ्या आणायचास ना रे, बरं वाटायचं त्याने." तिला सगळं कळून ती असं म्हणाली की सहज, मी तेव्हापासून विचार करतेय.

मग तिने विचारलं, "दुखेल का फार?" आणि तिथे मॅडम बराच वेळ बोलल्या. मॉर्फिन सुरू केलंय, वय बघून अडीच मिलिग्रॅम, दर चार तासांनी, झोपताना एक वेगळं. बरोबर पहिल्या दिवसापासून पोट साफ व्हायचं औषध. स्टेंटबद्दलही सांगितलं. "नळी पुन्हा तुंबू शकते, थंडी वाजली तर रात्र काढायची नाही." आजीने ते दोनदा म्हणून घेतलं.

केमोचं त्यांनी नाव न घेता सांगितलं. दर आठवड्याला सुईतून औषध, आजार जाणार नाही, काहींना दुखणं थोडं कमी होतं, थकवा येऊ शकतो, ताप आला तर लगेच कळवायचं. आजी म्हणाली, "विचार करते." अजून करतेच आहे. काका रोज विचारतात, ती रोज तेच म्हणते.

सडेतोड

नाव न घेता केमोची संमती? म्हणजे अर्धवटच की. सही कशावर करणार ती?

रात्रपाळी

तिला काय दिलं जाणार, कशासाठी, त्रास काय, नाही म्हटलं तर काय, हे सगळं सांगितलंय. तो एक शब्द तिने स्वतः बाजूला ठेवलाय. पण तुमचा मुद्दा अगदी फेकून देण्यासारखा नाही. फॉर्मवर तो शब्द छापलेला असतो. सही करायची वेळ आली तर मॅडम पुन्हा विचारतीलच, "यात ते नाव आहे, वाचून दाखवू का?" आमच्यातही यावर दोन मतं आहेत.

अर्धविराम, एक विचारायचं राहिलं. संडास कशी होते? तेलकट, पाण्यावर तरंगणारी, फ्लश केल्यावरही न जाणारी?

अर्धविराम

हो, तशीच. पचनाच्या एन्झाइमच्या कॅप्सूल दिल्यात, पण फरक नाही म्हणते.

रात्रपाळी

कधी घेते?

अर्धविराम

जेवण झाल्यावर, बाकीच्या गोळ्यांबरोबर. डबीत तशाच लावल्यात आत्याने.

रात्रपाळी

मग कशा लागू पडतील? त्या अन्नात मिसळायला हव्यात. पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या, जेवण लांबलं तर मध्येही. मधल्या वेळच्या खाण्याबरोबर पण. कॅप्सूल चावायची नाही. गिळवत नसेल तर उघडून आतले दाणे मऊ, गार, जरा आंबटसर खाण्यात टाकून, न चघळता. एवढ्याने चार-पाच दिवसांत पोट फुगणं आणि कळा कमी होतील. वजन फारसं भरून येणार नाही, आत्यांना आधीच सांग, नाहीतर त्या तिला कोंबून खायला घालतील.

अर्धविराम

कोंबणं चालूच आहे. चमचा घेऊन मागे लागते आत्या. पण कॅप्सूलचं मी डबीवर चिठ्ठी लावून लिहिलं, "पहिल्या घासाबरोबर." ती माझ्याशी बोलत नाही, चिठ्ठी मात्र काढली नाही तिने.

दंतकथा

कवळीचं काय झालं?

अर्धविराम

अस्तर भरून आणलं. अर्धा तास लागला. आता उचलली जात नाही, "स" म्हणताना शिट्टी येत नाही. आजीला घेऊन आत्याच गेली होती, मला ड्युटी होती. परतायला दोघींना बराच उशीर झाला. काय बोलल्या, बोलल्या का नाही, माहीत नाही. संध्याकाळी घरी गेले तेव्हा फाइल स्वयंपाकघरातल्या टेबलावर होती, बंदच, वर आजीचा चष्मा.